पत्र्यावर चढण्याआधी पत्र्याखाली घेतलेली बैठक

शेडच्या छपरावरचे काही तडकलेले सिमेंटचे पत्रे आणि उजेडासाठी मध्ये मध्ये बसवलेले प्लास्टिकचे पत्रे बदलायचं काम निघालं. कामाआधीचा टूलबॉक्स टॉक घ्यायचं माझ्याकडे आलं. हेल्मेट घाला, बेल्ट लावा, सही करा आणि चढा, एवढ्यावर उरकणारे टॉक मी बरेच ऐकले आहेत. ते ऐकणाऱ्यालाही पाठ असतात आणि बोलणाऱ्यालाही. इथे ऐकणारी माणसं तर माझ्यापेक्षा जास्त वर्षं पत्र्यावर वावरलेली. पत्रा फुटू शकतो हे त्यांना मी काय सांगणार? तेव्हा ठरवलं की पत्रा कुठे फुटतो, का फुटतो आणि फुटला तर खाली पडणाऱ्याला नेमकं कोण अडवतं, एवढंच बोलायचं. आणि बोलायचं ते शेडच्या आत, छपराखाली उभं राहून.

याला कारण होतं. वरून पाहिलं की छप्पर एकरंगी दिसतं. धूळ, शेवाळ, कधीतरी मारलेला रंग यांनी सिमेंटचा पत्रा आणि प्लास्टिकचा पत्रा यांतला फरक पुसून टाकलेला असतो. दोघांच्या नागमोडी पन्हाळ्या सारख्याच, बोल्टही सारखेच. खालून मात्र छप्पर काही लपवत नाही. आम्ही आतले दिवे बंद केले आणि सगळ्यांना वर बघायला सांगितलं. कुठे प्लास्टिकचे पत्रे आहेत ते उजेडावरून लगेच कळलं. दोन ठिकाणी उजेड नुसता मिणमिणता होता. ते पत्रेही प्लास्टिकचेच, फक्त वरून रंगवलेले. छपरावर उभ्या असलेल्या माणसाला ते सिमेंटचेच वाटले असते. काही सिमेंटच्या पत्र्यांना बोल्टाच्या भोकापासून निघालेल्या बारीक चिरा होत्या आणि चिरांच्या कडेने ओल झिरपल्याचे डाग. हे डागही खालूनच दिसतात. एका पोराने फोनवर फोटो काढले, ते मोठे करून छापले आणि प्रत्येक धोक्याच्या पत्र्याला आकडा दिला. पुढे वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात तो कागद होता.

पहिला आक्षेप मिस्त्रींचा आला, आणि तो यायलाच हवा होता.

“साहेब, आम्ही काय पत्र्याच्या मधून चालतो का? बोल्टाची रेघ धरून चालायचं. खाली पर्लिन असते. आजवर असंच चाललो.”

पर्लिन म्हणजे छपराखालचे आडवे लोखंडी दांडे, पत्रे त्यांवर टेकतात. हे ऐकून मान डोलावणारे बरेच होते. मी टेबलावर पर्लिनच्या अँगलचा एक तुकडा आणि एक जुना जे-बोल्ट ठेवला होता. मिस्त्रींनाच म्हटलं, “बोल्ट पर्लिनमध्ये अडकवून दाखवा.” त्यांनी अडकवला. जे-बोल्टाचा आकडा पर्लिनला खालून वळसा घालतो आणि दांडी पर्लिनच्या बाजूने वर येते. म्हणजे वर दिसणारी बोल्टाची रेघ ही पर्लिनच्या मध्यावरची रेघ नसते, ती तिच्या कडेची असते. पर्लिनची वरची पट्टी साडेसहा सेंटिमीटर, बुटाची रुंदी दहा-अकरा. बरोबर रेघेवर पाय ठेवला तरी अर्धा बूट पर्लिनच्या बाहेर, नुसत्या पत्र्यावर. त्यातही पाय पडतो तो पत्र्याला पाडलेल्या भोकापाशी, म्हणजे चिरा सुरू होतात तिथेच. शिवाय एका बोल्टावरून दुसऱ्यावर जाताना हातात काही सामान असतं, वारा असतो, पन्हाळ्यांमुळे घोटा वाकडा पडत असतो. तोल सावरायला माणूस आपोआप बाजूला पाऊल टाकतो. त्या एका पावलाला खाली काहीच नसतं.

मिस्त्री थोडा वेळ तो बोल्ट हातात फिरवत राहिले. पटलं असं ते म्हणाले नाहीत. “मग इतकी वर्षं कसे नाही पडलो?” असं विचारलं. प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर बोलून देण्यासारखं नव्हतं, म्हणून गोणीचा प्रयोग केला.

ब्रिटनमध्ये छपराचा पत्रा नाजूक आहे की नाही हे ठरवण्यासाठी एक चाचणी वापरतात. ४५ किलोची वाळूची गोण १.२ मीटर उंचीवरून पत्र्यावर सोडतात. माणूस अडखळून पत्र्यावर आपटला तर जो दणका बसेल त्याच्या आसपासचा हा दणका. गोण आरपार गेली तर पत्रा नाजूक. आम्ही आधीच्या कामात उतरवलेला एक प्लास्टिकचा पत्रा जमिनीवर दोन लाकडी घोड्यांवर ठेवला. घोड्यांमधलं अंतर छपरावरच्या पर्लिनइतकंच, १.३ मीटर. सिमेंटचा पत्रा मुद्दाम घेतला नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि तो फोडला की धूळ उडते, ती फुफ्फुसात जाते. प्रयोगासाठी कोणी असा पत्रा फोडू नये. आमच्या छपराच्या पत्र्याचा नमुना तपासून अ‍ॅस्बेस्टॉस नाही अशी खात्री आधीच करून घेतली होती, तरीही फोडाफोड नको म्हटलं.

आधी दोघांनी मिळून गोण पत्र्यावर अलगद ठेवली. पत्रा थोडा वाकला, पण गोण पेलली. काहींच्या चेहऱ्यावर ‘बघा’ असा भाव आला. मग तीच गोण उचलून १.२ मीटरवरून सोडली. ती मध्ये थांबलीसुद्धा नाही. पत्रा वाकून, कुरकुरून मग फुटला असं झालं नाही, एकदम तुकडे झाले आणि गोण जमिनीवर. आवाज आणि भोक एकाच क्षणी. मिस्त्रींच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. पत्रा उभ्या माणसाचं वजन पेलतो, म्हणून तो पेलेलच असा विश्वास बसतो. अडखळलेला माणूस तो पेलत नाही. शिवाय दरवर्षीच्या उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होत जातं, सिमेंटच्या पत्र्यात पावसाने आणि तापण्या-निवण्याने चिरा वाढत जातात. मागच्या वर्षी ज्या पत्र्यावरून चाललो तो या वर्षी तोच पत्रा नसतो. लोखंडी पत्रा खालून गंजला तर त्याचीही हीच गत.

यानंतर बराच वेळ पत्र्यावर टाकून त्यावरून चालायच्या क्रॉलिंग बोर्डवर गेला. आमची माणसं त्याला फळीच म्हणतात, मीही इथे फळीच म्हणतो. फळी वर टाकली की झालं असा समज असतो, पण फळी चुकीची टाकली तर ती फसवी ठरते. आमच्या फळ्या ६० सेंटिमीटर रुंद आणि तीन मीटर लांब होत्या. पायाला अडायला वरून आडव्या पट्ट्या मारलेल्या. फळी टाकायची ती छपराच्या उताराच्या दिशेने, म्हणजे पर्लिनना आडवी. १.३ मीटरवर पर्लिन असतील तर तीन पर्लिन मिळून २.६ मीटर होतात, आणि दोन्ही टोकांना वीस-वीस सेंटिमीटर फळी बाहेर उरते. एवढं बाहेर राहिलेलं चालतं. त्याहून जास्त टोक पर्लिनच्या पुढे गेलं तर त्यावर पाय पडताच फळी सी-सॉसारखी उचलते. आणि फळी पर्लिनपर्यंत न पोहोचता मध्येच संपली तर तिचं टोक नुसत्या पत्र्यावर टेकलेलं असतं. वरून बघणाऱ्याला दोन्ही फळ्या सारख्याच दिसतात.

म्हणून पर्लिन कुठे आहे हे बोल्टावरून अंदाजाने ठरवायचं नाही, आधी खालून मोजायचं. आम्ही वळचणीपासून प्रत्येक पर्लिनचं अंतर आतून मोजून फळ्यांच्या कडेवर तशा खुणा केल्या. फळीच्या खालच्या अंगालाही पर्लिनच्या जागी जाड पट्ट्या बसवल्या. अशाने वजन पर्लिनच्या वरच पोहोचतं आणि मधल्या भागात फळी किंचित वाकली तरी ती पत्र्याला दाबत नाही. उतार १५ अंशांचा होता, तेव्हा फळी घसरू नये म्हणून वरच्या टोकाला बांधणंही आलं. बांधायचं कशाला? एकजण म्हणाला, आढ्याच्या टोपीला आकडा लावू. आढ्यावरचा तो वाकडा तुकडासुद्धा सिमेंटचाच असतो आणि तो फुटतो. छपरी शिडीचा आकडा टोपीवर टेकून चालत नाही, तो पलीकडच्या उताराच्या भक्कम आधाराला जाऊन लागायला हवा. खालच्या टोकाला पन्हळ असते, तिच्यावरही भार नको. पन्हळ पाण्यासाठी केलेली, माणसासाठी नाही.

मग सराव. जमिनीवर चार लाकडी वासे १.३ मीटरवर मांडले, त्यांवर फळ्या ठेवल्या आणि सांगितलं की वाशांच्या मधली जमीन म्हणजे हवा, तिथे पाय टेकला तो गेला. दोघांनी फळीवरून पत्रा घेऊन जायचा, ठेवायचा आणि पुढच्या जागेवर सरकायचं. पहिल्या जोडीतला तरुण हेल्पर अगदी सफाईने गेला. सरकायची वेळ आली तेव्हा फळी उचलायला तो सहज खाली उतरला. सगळे हसले, तोही हसला. पण चूक नेमकी इथेच होते. फळीवरून चालताना लक्ष असतं, फळी हलवताना ते फळीवर जातं आणि पायाकडचं सुटतं. म्हणून एकाच फळीवर काम करायचंच नाही. एका फळीवर उभं राहून दुसरी सरकवायची, तिच्यावर नीट गेल्यावर मग मागची ओढायची. आम्ही तीन घेतल्या. तिसरी येण्याजाण्याच्या वाटेवर कायम राहणारी, कारण दोन्ही फळ्या कामाच्या जागी नेल्या की परत यायला माणसाला रस्ता उरत नाही, आणि जेवणाच्या सुट्टीला माणूस रस्ता शोधत बसत नाही, पत्र्यावरून येतो.

सरावात आणखी एक गोष्ट मिस्त्रींनीच काढली. ६० सेंटिमीटरच्या फळीवर दोन माणसं तीन मीटरचा पत्रा धरून उभी, पत्र्याचं वजन चाळीस किलोच्या आसपास. “वाऱ्याने पत्रा फिरवला तर आम्ही फळीच्या बाजूला जाणार,” ते म्हणाले. बरोबर. फळी पायाला आधार देते, पण तिच्यावरून कडेला पडलं तर माणूस त्याच नाजूक पत्र्यावर आपटतो, आणि गोणीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. दोन्ही बाजूंना कठडा असलेल्या फळ्या मिळतात, पण आमच्याकडच्या तशा नव्हत्या, आणि कठडा असला तर मोठा पत्रा आत-बाहेर करणं अवघड. या मुद्द्यापाशी आम्ही थांबलो आणि बेल्टकडे वळलो, कारण सगळ्यांच्या मनात उत्तर तेच होतं: बेल्ट आहे ना.

बेल्टच्या आधी छपराच्या कडेचं थोडक्यात सांगून टाकतो. वळचणीला आणि बाजूच्या टोकांना कठडा लावायचा. वरचा दांडा साधारण मीटरभर उंच, मध्ये एक दांडा, आणि खाली पंधरा सेंटिमीटरची आडवी फळी. सपाट गच्चीवर माणूस उभ्याने कडेला जातो, म्हणून तिथे वरच्या दांड्याचं महत्त्व. उतरत्या छपरावर माणूस घसरत, बहुतेकदा पाठीवर, कडेला पोहोचतो, तेव्हा त्याला मधला दांडा आणि खालची फळीच अडवते. आमच्याकडे खालच्या भागात जाळीही लावली. कठड्याचे खांब जमिनीपासून उभ्या केलेल्या परांचीला जोडले, पत्र्याला किंवा पन्हळीला नाही. आणि काढलेल्या पत्र्याच्या जागी पडलेलं भोक हीसुद्धा कडच आहे, हे विसरलं जातं. नवा पत्रा हातात आल्याशिवाय जुना काढायचा नाही, असं ठरवलं.

आता बेल्ट. मी विचारलं, हुक कुठे लावणार? उत्तरं पटापट आली: बोल्टाला, पर्लिनला, फळीला. फळीला हुक लावला तर माणसाबरोबर फळीही खाली येणार, हे म्हणणाऱ्यालाच बोलता बोलता कळलं. जे-बोल्टाचं काम पत्रा धरून ठेवायचं, पडणारा माणूस धरायचं नाही. युरोपीय मानकात अँकरची, म्हणजे हुक अडकवायच्या जागेची, चाचणी १२ किलोन्यूटनची असते, म्हणजे साधारण १२०० किलो वजनाइतका ओढा. हलक्या पर्लिनला एवढा ओढा कडेने बसला तर ती पिळवटू शकते. आमच्या शेडमध्ये इंजिनिअरने ट्रसच्या, म्हणजे पर्लिन पेलणाऱ्या मोठ्या सांगाड्याच्या, सांध्याजवळची जागा अँकरला चालेल असं सांगितलं होतं. म्हणजे अँकर पायाच्या पातळीला.

इथे फळ्यावर खडूने हिशेब मांडला. लॅनयार्ड, म्हणजे बेल्टपासून अँकरपर्यंतची दोरी, दोन मीटर. पडताना झटका शोषणारी पिशवी उलगडते, ती जास्तीत जास्त पावणेदोन मीटर लांबते. तिच्यामुळे अंगाला बसणारा झटका ६ किलोन्यूटनच्या आत राहतो, पण त्याची किंमत लांबीत मोजावी लागते. पाठीवरच्या कडीपासून माणसाच्या पायांपर्यंत दीड मीटर. त्याखाली एक मीटर मोकळी जागा सुरक्षेसाठी. बेरीज सव्वासहा मीटर. अँकरच्या खाली एवढी मोकळी जागा हवी.

“आपलं छप्पर उंच आहे की,” कोणीतरी म्हणालं. वळचणीला साडेपाच मीटर आणि आढ्याला आठच्या वर. ज्या पट्ट्यात काम होतं तिथे ६.८ मीटर. म्हणजे जेमतेम का होईना, पुरतं. पण छपराखाली जमीन नव्हती, यंत्र होतं, १.८ मीटर उंच. उरले पाच मीटर. हवे होते सव्वासहा. सुरक्षेचा एक मीटर सोडून दिला तरी सव्वापाच लागतात, म्हणजे बेल्टने माणसाला अडवण्याआधीच त्याचे पाय यंत्रावर. बेल्ट नवा, हुक बरोबर जागी, माणूस सगळे नियम पाळणारा, आणि तरीही तो यंत्रावर आपटणार. ही बेरीज मी आदल्या दिवशी करून ठेवली होती, पण ती मिस्त्रींच्या हाताने फळ्यावर झाली तेव्हा तिचा अर्थ वेगळाच झाला. हातातला खडू खाली ठेवून ते म्हणाले, “मग बेल्ट घालून वर जायचं कशाला?”

तरुणांपैकी एकाने मधला मार्ग सुचवला: लॅनयार्ड छोटा करू, पडायच्या आधीच अडकेल असा. कडेजवळ काम असेल तर हे खरोखर उत्तम. दोरी इतकीच लांब ठेवायची की माणूस कडेपर्यंत पोहोचूच नये. पण नाजूक छपरावर कड पायाखालीच असते. दोरी कितीही छोटी केली तरी पाय जिथे आहे तिथून खाली जाणारच. आढ्यावर लांब दोर बांधून त्याला अडकायचं, हेही कोणी बोललं. तो दोर पत्र्यांवरून जातो. माणूस भोकातून खाली गेला की दोर भोकाच्या कडेवर घासतो, ठिसूळ पत्रा वरच्या पर्लिनपर्यंत तोडत जाऊ शकतो, आणि तेवढा माणूस आणखी खाली जातो. शेवटी दोर पर्लिनच्या धारेवर टेकतो. साधे दोर आणि लॅनयार्ड धारेवर टिकतील असे केलेले नसतात, त्यासाठीचे वेगळे मिळतात. शिवाय माणूस झोक्यासारखा झुलून ट्रसवर आपटण्याची भीती आहेच.

त्या बैठकीतून कामाची पद्धतच बदलली. मूळ योजनेत फळ्या आणि बेल्ट होते. मी काम थांबवून वरिष्ठांना सांगितलं की खाली पडणाऱ्याला झेलणारं नेट लागेल आणि माणसांना बास्केटमधून उंचावर नेणारी बूम लिफ्ट लागेल. उशीर होणार म्हणून कुरबुर झाली. फळ्यावरच्या त्या बेरजेचा फोटो दाखवल्यावर ती बरीच कमी झाली.

नेट लावायला ते काम शिकलेली टोळी आली. नेट पर्लिनच्या शक्य तितकं जवळ बांधतात, कारण माणूस नेटमध्ये जितका उंचावरून पडेल तितकं ते खोल ताणलं जातं. बांधणीच्या दोन जागांमध्ये अडीच मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवत नाहीत. बांधून झाल्यावर त्यांनी नेटपासून यंत्राच्या माथ्यापर्यंतची जागा मोजली आणि ताणलेलं नेट यंत्राला लागणार नाही याची खात्री करून मगच ते आमच्या ताब्यात दिलं. नेटचे चौकोन दहा सेंटिमीटरचे, त्यातून पाना आणि बोल्ट सहज निसटतात. म्हणून त्यावर बारीक जाळी घातली, खालची यंत्रं बंद केली आणि जागा दोरीने बांधून रिकामी ठेवली. बेल्टमध्ये आणि नेटमध्ये मला जाणवलेला फरक असा की नेटला माणसाकडून काही लागत नाही. हुक लावायचा विसरला, घाईत काढून ठेवला, दुसऱ्या जागी जाताना सोडला, तरी नेट आपल्या जागी असतंच.

बेल्ट मग कुठे उरला? लिफ्टच्या बास्केटमध्ये. तिथे तो घालायचाच, छोट्या लॅनयार्डने, बास्केटमधल्या ठरलेल्या कडीला. बूम हिंदकळली तर माणूस बाहेर उडू नये म्हणून. तपासणी सगळ्यांकडून करून घेतली. पट्ट्या बोटांत वाकवून बघायच्या, कापलेला किंवा जळालेला धागा वाकवल्यावरच दिसतो. शिलाई बघायची, पाठीची कडी दोन्ही खांद्यांच्या मध्ये येते ना ते दुसऱ्याने बघायचं. मांडीच्या पट्टीत सपाट हात जावा, मूठ जाऊ नये. झटका शोषणारी पिशवी फाटलेली किंवा उलगडलेली असेल तर तो लॅनयार्ड बाद. एका बेल्टवरचं लेबल पूर्ण पुसलेलं निघालं. केव्हाचा, कधी तपासला, काहीच कळेना. तो तिथल्या तिथे कापून टाकला. बाजूला ठेवला असता तर आठवड्याभरात कोणाच्या तरी अंगावर आला असता.

शेवटी वाचवायचं कसं, यावर बोललो. बेल्टमध्ये लटकलेला माणूस शुद्धीवर असला तरी त्याला तसाच ठेवता येत नाही. पाय हलत नाहीत, पट्ट्या मांड्यांत रुततात, रक्त खाली साचतं आणि काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते. अग्निशमन दलाला फोन करायचाच, पण त्यांची वाट बघत बसायचं नाही. नेटमध्ये पडलेल्यासाठी खालून लिफ्ट न्यायची. वरच्या सोबत्याने त्याच्यासाठी पत्र्यावर उतरायचं नाही. हे वाक्य मी दोनदा म्हटलं, कारण आपला माणूस खाली पडलेला दिसला की पहिली धाव तशीच असते. दुसरी लिफ्ट कुठे उभी असेल, तिची चावी कोणाकडे, हे नावानिशी ठरवलं आणि एकदा नेटच्या कडेपर्यंत लिफ्ट नेऊनही पाहिली. यंत्रांच्या मधून ती एका कोपऱ्यात पोहोचतच नव्हती, तिथे पडलेलं सामान हलवावं लागलं.

काम सुरू झाल्यावर वळचणीजवळचे पत्रे बाहेरून लिफ्टच्या बास्केटमधूनच बदलले गेले, छपरावर पाय न ठेवता. मधल्या पट्ट्यासाठी फळ्या. वारा वाढला किंवा पत्रे ओले झाले की मिस्त्रीच काम थांबवत, मला सांगायची वेळ आली नाही. नेटवरच्या बारीक जाळीत तुटके तुकडे पडत ते रोज संध्याकाळी लिफ्टमधून काढायचे, कारण त्यांच्या धारा नेटला कापतात आणि पडणाऱ्यालाही. तुकडे काढायला नेटवर चढून जायला एकजण निघाला होता, त्याला मिस्त्रींनीच ओरडून थांबवलं. नवे पत्रे बसल्यावर एकाने विचारलं की यांच्यावरून आता चालता येईल ना. नव्यांच्या दोन्ही बाजूंना जुनेच आहेत, तेव्हा सगळं छप्पर नाजूकच धरायचं, असं ठरलं. शिडीच्या तळाशी तशी पाटी लावली आणि शिडीला दार करून कुलूप घातलं.

शेवटची फळी खाली आल्यावरच नेट सोडलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी पन्हळीतला पाला काढणारा माणूस शिडीची चावी मागायला आला. “पाच मिनिटांचं काम आहे, पन्हळीतूनच चालत जातो, पत्र्याला हात नाही लावत,” म्हणाला. दोन उतारांच्या मधल्या पन्हळीच्या दोन्ही अंगांना पत्रे असतात. पाय सरकला की हात आणि गुडघे त्यांच्यावरच पडतात. त्याला ना आमच्या बैठकीचं काही माहीत होतं, ना खिशात तो आकडे घातलेला कागद. चावी दिली नाही. लिफ्ट अजून परत गेलेली नव्हती, तिच्या बास्केटमधून त्याने पोहोचेल तेवढी पन्हळ साफ केली, आणि उरलेल्या भागासाठी कठडा असलेल्या फळ्या मागवल्या.